१६८ दिवसांच्या गोळ्या आणि एक असाइनमेंट

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला कम्युनिटी हेल्थची असाइनमेंट मिळाली: प्रतिजैविकांना जंतू का दाद देत नाहीत आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स पूर्ण का करायचा, हे रुग्णाला समजेल असं लिहा. टीबीच्या गोळ्या संपवून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. हे तर मी झोपेतही लिहीन असं वाटलं आणि मी एका संध्याकाळी लिहून टाकलं. पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘गोळ्या मध्येच सोडल्या की शरीराला औषधाची सवय होते आणि औषध लागू पडत नाही.’

मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली. “सवय कुणाला होते? तुझ्या शरीराला की जंतूला? आणि सवय म्हणजे नेमकं काय होतं, ते लिहून आण.”

सहा महिने मी त्या गोळ्या खाल्ल्या होत्या, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना स्वतःच्याच आजाराकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

माझ्या आजाराची सुरुवातही या विषयातच बसते. दुसऱ्या वर्षी खोकला लागला, संध्याकाळी कणकण यायची. घराजवळच्या एका डॉक्टरांनी बेडका न तपासता पाच दिवसांचं लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं. बरं वाटलं. दोन आठवड्यांनी खोकला पुन्हा सुरू झाला आणि वजन ४१ किलोवर आलं. हे औषध टीबीच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतं. त्यामुळे आजार थोडा दबतो, जात नाही, आणि निदान मात्र लांबतं. पुढे सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली. बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली. जंतू सापडले आणि रिपोर्टच्या दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आढळला नाही. तेव्हा ती ओळ मी वाचलीसुद्धा नव्हती. माझं सगळं नशीब त्या ओळीत होतं, हे असाइनमेंट लिहिताना कळलं.

उपचार असा होता: पहिले दोन महिने रोज चार औषधं, म्हणजे आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्बुटॉल. ५६ डोस. त्यानंतर पायराझिनामाइड बंद आणि उरलेली तीन औषधं चार महिने, ११२ डोस. सगळी औषधं एकाच गोळीत एकत्र असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोच्या गटात असल्यामुळे मला रोज तीन गोळ्या होत्या, सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा आई घाबरली. आशाताईंनी समजावलं की तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. “डोळे पिवळे झाले किंवा सारख्या उलट्या झाल्या, तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखान्यात यायचं, वाट बघत बसायचं नाही,” असंही त्यांनी बजावलं.

दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसले नाहीत. ताप नव्हता, वजन वाढत होतं. मामेबहिणीच्या लग्नाला गावी गेले आणि गोळ्या हॉस्टेलवरच राहिल्या. खरं सांगायचं तर राहिल्या नाहीत, मी ठेवल्या. पाहुण्यांच्या गर्दीत कुणी पाहील, विचारील, ही भीती होती. शिवाय मला काहीच होत नव्हतं. सहा दिवस एकही गोळी घेतली नाही. परत आल्यावर आशाताईंनी पाकीट हातात घेतलं, रिकामे खण मोजले आणि न रागावता म्हणाल्या, “सहा राहिल्यात गं. आजपासून परत सुरू कर, आणि शेवटची तारीख सहा दिवस पुढे गेली असं समज.” डोस बुडाले की ते वजा होत नाहीत, ११२ चे ११२ पूर्ण करावे लागतात. खंड महिनाभराचा झाला असता, तर पुन्हा बेडका तपासून प्रकरण नव्याने पाहावं लागलं असतं.

आता मॅडमचा प्रश्न. सवय कुणाला होते?

कुणालाच होत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू औषध सुरू होण्याआधीपासूनच तिथे असतात. जंतू एकाचे दोन होताना त्याच्या गुणसूत्राची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक नेमकी अशा जागी पडते की औषध जिथे चिकटायला हवं, ती जागाच बदलते. टीबीच्या जंतूत आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एक सापडतो, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक.

माझ्या फुप्फुसातल्या पोकळीत दहा कोटी जंतू होते असं धरू. पोकळीत ते याहून जास्तही असू शकतात. मला एकटं आयसोनियाझिड दिलं असतं, तर पहिल्या काही दिवसांत जवळजवळ सगळे मेले असते. ताप उतरला असता, भूक लागली असती. पण दहा कोटींतले शंभर जंतू मेले नसते. टीबीचा जंतू सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. तरीही शंभरांचे दहा कोटी व्हायला वीस वेळा दुप्पट होणं पुरतं. शरीरात हे इतकं सरळ होत नाही, वेळ जास्त लागतो, पण शेवट तोच. पोकळी पुन्हा भरते आणि या वेळी तिच्यातल्या प्रत्येक जंतूवर आयसोनियाझिड निकामी असतं.

दोन्ही औषधं एकदम दिली तर? दोन्ही चुका एकाच जंतूत असण्याची शक्यता एकावर चौदा शून्यं, इतक्यांत एक. इतके जंतू माणसाच्या फुप्फुसात नसतातच. आयसोनियाझिडमधून सुटलेल्या शंभरांना रिफॅम्पिसिन मारतं आणि रिफॅम्पिसिनमधून सुटलेल्या एकाला आयसोनियाझिड. चार औषधं एका गोळीत का कोंबली आहेत, ते मला इथे समजलं. वेगवेगळ्या गोळ्या असत्या, तर माणूस त्रास देणारी एखादी वगळतो आणि नकळत एकट्या औषधावर येतो.

हा हिशेब कागदावरचा नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापून आली. ५५ रुग्णांना ते एकटं औषध आणि विश्रांती दिली होती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी ४ दगावले, न मिळालेल्यांपैकी १४. जादूच वाटावी असा फरक. पण बऱ्याच रुग्णांची तब्येत आधी सुधारली आणि मग ढासळली, आणि त्यांच्या बेडक्यातले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले. पाच वर्षांनी दोन्ही गटांतला फरक फारच थोडा उरला होता. टीबीवर एकटं औषध द्यायचं नाही, हे त्या रुग्णांनी शिकवलं.

मग कोर्स सहा महिने कशाला? दोन महिन्यांत बेडका स्वच्छ झाला होता ना? इथे मी सर्वांत जास्त अडखळले, कारण याचं कारण वेगळं आहे. जंतूंचा एक लहान भाग जवळपास निजलेला असतो. तो वाढत नाही, आणि बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. या निजलेल्या जंतूंमध्ये कसलीही चूक नसते, प्रतिरोधही नसतो. ते फक्त पडून राहतात, मधूनच हलतात, आणि हलताना रिफॅम्पिसिन रक्तात हजर असेल तरच मरतात. पुढचे चार महिने ही पहारेदारी चालते. म्हणून बरं वाटणं हा पुरावा धरता येत नाही, स्वच्छ बेडकाही धरता येत नाही. कोर्स चार महिन्यांवर आणायचा प्रयत्न झाला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन घेणाऱ्यांचा बेडका लवकर स्वच्छ झाला, तरी चार महिन्यांनी थांबवल्यावर आजार जास्त जणांमध्ये उलटला. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला चार महिन्यांचा कोर्स मात्र यशस्वी ठरला. कोर्सची लांबी औषधागणिक अशी माणसांवर तपासून ठरते.

म्हणजे मी लग्नात गोळ्या सोडल्या आणि पुन्हा हात लावलाच नसता, तर आजार उलटला असता, आणि बहुधा जुन्याच औषधांना दाद देणाऱ्या जंतूंनी. प्रतिरोधाचा धोका सोडण्या-धरण्यात जास्त आहे. गोळ्या थांबल्या की जंतू वाढतात, वाढताना नव्या चुका जमतात, आणि परत अर्धवट औषध आलं की ती चूक असलेलेच जंतू तेवढे उरतात. असं दोन-तीनदा झालं की एकामागून एक औषध हातातून जातं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही गेली की त्याला एमडीआर टीबी म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा उपचार दीड-दोन वर्षं चालायचा आणि त्यातल्या इंजेक्शनांनी काहींना बहिरेपण यायचं. आणि असा जंतू खोकल्यातून आईला गेला, तर तिने एकही गोळी न चुकवता तिला तो प्रतिरोधासकट मिळतो.

दुसऱ्यांदा लिहून नेलं तेव्हा मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला. “मग लघवीच्या जंतुसंसर्गाला पाचच दिवस औषध का देतात? तिथे जास्त दिवस दिलं तर अधिक चांगलं नाही का?”

नाही. तिथे जंतू झपाट्याने वाढतात आणि झपाट्याने मरतात, टीबीसारखे महिनोन्‌महिने निजून राहत नाहीत. उलट प्रत्येक जादा दिवशी ते औषध आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंवरही पडतं, त्यातले दाद न देणारे टिकतात, आणि पुढचा संसर्ग बरेचदा त्यांच्यातूनच येतो. म्हणून साध्या न्यूमोनियातही सुधारणा दिसत असेल, तर आता पाच दिवस पुरतात. ‘पूर्ण कोर्स’ म्हणजे लांबलचक कोर्स नव्हे. त्या आजाराला तपासून ठरवलेले तेवढे दिवस, आणि थांबवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे भिंतींवरच्या घोषणांत हा फरक पुसला जातो याचं मला वाईट वाटतं, कारण रुग्णाला तो समजतो. आशाताईंना मी शंभर जंतूंचा हिशेब सांगितला, तर त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी एका रिक्षावाल्या दादांना गव्हातल्या खड्यांवर बसवून सांगितला.

त्या दादांनी मधला आठवडा गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांनी पुन्हा सुरू केल्या.

उपचार संपल्यावरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला बोलावतात, कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा या काळातच उलटतो. बाराव्या महिन्याची माझी तपासणी मागच्या आठवड्यात झाली. वजन ४९ किलो. बेडक्यात काही नाही. अजून दोन तपासण्या राहिल्या आहेत.