तुम्ही विचारलंत म्हणून: थोरला की धाकटा?

‘तुमच्या त्या पेढेवाल्या भावांच्या गोष्टीत बरोबर कोण, थोरला की धाकटा? एकदाचं सांगून टाका ना!’

खव्यापुरता धाकटा बरोबर आहे, भाजणीपुरता थोरला बरोबर आहे आणि हिशेबात दोघेही चुकले आहेत. एवढ्यावर कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साताऱ्यात कंदी पेढ्यांचे एक जुने दुकान आहे. वडील मृत्युपत्र न करता जातात. थोरला भाऊ पंधराव्या वर्षापासून भट्टीवर बसलेला आहे, तर धाकटा पुण्यात नोकरी करून परत आलेला आहे. धाकट्याला वाफेवर चालणारे खवा-यंत्र आणि डबाबंद पेढा हवा आहे. ‘दादा, तुझी पाठ गेली, आता तरी ऐक,’ हे त्याचे पहिले वाक्य आहे, आणि ते खोटे नाही.

म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. म्हणजे चार किलोंहून अधिक भार, बहुतेक सगळा पाण्याचा, वाफ होऊन निघून जावा लागतो. कढईत हे काम करताना माणसाला उलथणे एक क्षणही थांबवता येत नाही, कारण दूध दाट होऊ लागले की तळाला धरते, आणि एकदा करपलेला वास खव्यात उतरला की तो साखरेने झाकला जात नाही. यंत्रात हेच काम दुहेरी भिंतीच्या भांड्यात होते. दोन भिंतींमध्ये वाफ खेळते आणि आतले फिरते पाते भिंत सतत खरवडत राहते. वाफेचे तापमान तिच्या दाबाशी बांधलेले असल्यामुळे, दीड किलो दाबावर भिंत 125 अंशांच्या आसपासच राहते आणि दूध लागण्याची भीती पुष्कळच कमी होते. पाणी आटवण्याच्या या टप्प्यात हाताचे कौशल्य म्हणजे बहुतांशी करपू न देण्याचे कौशल्य, आणि ते यंत्राला बरे जमते. थोरला इथे उगाच अडून बसतो.

पण कंदी पेढा खव्यावर थांबत नाही. तो पुन्हा भाजावा लागतो, आणि धाकट्याचा पहिला घाणा इथेच फसतो. पाणी पुष्कळ असते तोवर दुधाचे तापमान शंभराच्या फार पुढे जात नाही. पाणी संपत आले की खवा तापू लागतो आणि दुधातली साखर व प्रथिने यांच्या संयोगातून तो तपकिरी रंग आणि तो खमंग वास तयार होतो. लाकडाच्या जाळावर कढईचा तळ वाफेच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून तिथे हे चटकन आणि ठसठशीत होते. यंत्रातून धाकट्याला मिळतो तो पांढरा, ओलसर, एकसारखा खवा. दुधी पेढ्याला उत्तम, कंदीला फिका. तो पाते आणखी फिरवत ठेवतो, तर खवा रंगण्याआधीच चिकट आणि चिवट होत जातो.

कथेतला थोरला तो सगळा घाणा उचलून आपल्या कढईत टाकतो. तिथे मी मुद्दाम रेंगाळलो आहे, कारण तो काय पाहतो हे वाचकाला दिसायला हवे होते. आधी खवा कढईच्या कडा सोडतो. मग कडेने तूप सुटू लागते. मग बुडबुडे मोठे आणि मंद होतात, आणि उलथण्याला चिकटणारा खवा एका गोळ्यात फिरू लागतो. रंग हवा त्याच्या थोडा अलीकडे असतानाच तो कढई उतरवतो, कारण तापलेले लोखंड खाली उतरल्यावरही भाजतच राहते. साखर आणि वेलदोडा घालायला तो खवा कोमट होईपर्यंत थांबतो; गरम खव्यात साखर पडली तर ती विरघळून सगळे पातळ होते आणि पेढा वळता येत नाही. एवढे सगळे तो एक शब्दही न बोलता करतो. धाकटा हे मोबाईलवर चित्रित करत असतो, आणि थोरल्याला तेवढेच खुपते.

डबाबंद पेढ्याचा प्रसंग अनेकांना अन्यायकारक वाटला. मी धाकट्याला मुद्दाम पाडले असे त्यांचे म्हणणे आहे. तसे नाही. मुंबईची मोठी ऑर्डर वेळेत जावी म्हणून तो पेढे कोमट असतानाच हवाबंद करतो. आतली वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब पेढ्यावर पडतात आणि काही दिवसांत नेमक्या त्याच ठिपक्यांवर बुरशी धरते. डब्याच्या आतल्या बाजूला दव दिसले की तो डबा परत उघडायचाच, हे कोणत्याही पॅकिंगवाल्याने त्याला सांगितले असते. दोष डब्याचा नव्हता, घाईचा होता. थोरला मात्र त्यावरून संपूर्ण आधुनिकतेचा निकाल लावून मोकळा होतो. घरच्या भांडणात पुरावा असाच वापरला जातो.

आता हिशेबाकडे येतो, कारण माझ्या मते कथा तिथे आहे. वडिलांच्या हयातीत थोरल्याला पगार नव्हता. लागेल तेव्हा गल्ल्यातून पैसे घ्यायचे, अशी रीत होती. त्याच्या सगळ्या वर्षांच्या श्रमाची किंमत कुठल्याही वहीत मांडलेली नाही. यंत्र आले की पहिल्यांदाच प्रश्न उभा राहतो: दूध आटवण्याचे काम यंत्र करणार असेल, तर थोरल्याचा निम्मा वाटा कशाबद्दल? धाकटा भल्या मनाने सुचवतो की दोघांनी दरमहा ठरावीक पगार घ्यावा आणि उरलेला नफा वाटून घ्यावा. सुचवणे रास्त आहे, तसे केले तर भट्टीवरच्या माणसाला अखेर मोल मिळते. पण थोरल्याच्या तोंडून निघते, ‘माझ्याच दुकानात मला पगार?’ यापुढे कोणी कोणाचे ऐकत नाही. यंत्राविषयीचा प्रत्येक वाद मी लिहिताना या एका वाक्याच्या खाली ठेवून पाहिला, आणि बहुतेक वादांत यंत्र निमित्तमात्र निघाले.

दोघांचेही चुकले ते असे की दुकान दोघांचे आहे असे दोघेही धरून चालतात. दुकानाची जागा वडिलांची स्वकष्टार्जित आहे आणि मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू वारसा कायद्यानुसार आई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचाही सारखा वाटा असतो. सासरी कराडला असलेल्या ताईला तोवर कोणी विचारलेलेही नसते. यंत्राच्या कर्जासाठी जागा तारण ठेवायची म्हटल्यावर बँक सर्व वारसांच्या सह्या मागते, आणि तेव्हा दोघे भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन तिच्या दारात उभे राहतात. शिवाय अन्न परवाना वडिलांच्या नावावर. परवानाधारक गेल्यानंतर तो वारसांना सर्वसाधारणपणे 90 दिवसच चालवता येतो. कथेतले सगळे भांडण मी त्याच 90 दिवसांत बसवले आहे.

ताई सही करत नाही, नकारही देत नाही. ती दोन वर्षांच्या वह्या मागते आणि विचारते, ‘दादाची मजुरी धरली, तर दुकान नफ्यात आहे का?’ भावांपैकी कोणालाच उत्तर देता येत नाही, आणि कथा तिथे थांबते. पुढे काय झाले असेही मला विचारतात. माझा अंदाज विचाराल तर यंत्र राहिले असणार, कढईही राहिली असणार, आणि परवाना ताईच्या नावावर झाला असणार.