ब्रेक-इव्हन निघतो, पण कुठला?

"ब्रेक-इव्हन तर आरामात निघतोय ना? मग रिपोर्टात तुम्ही एवढी भीती कशाला घालता?" कर्जासाठी माझ्याकडून प्रकल्पाचा रिपोर्ट करून घेणारे तुम्ही हेच विचारता. ब्रेक-इव्हन म्हणजे ना नफा ना तोटा होतो तेवढी विक्री.

निघतो. कुठला, ते मात्र कुणी विचारत नाही. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू युनिटचा हिशेब मांडतो. आकडे सोपे केलेत आणि कर बाजूला ठेवलाय.

शेड आणि यंत्रं मिळून 40 लाख, आयुष्य 5 वर्षं. बी हंगामातच घ्यावी लागते, म्हणून सरासरी 60 लाख मालात अडकतात आणि शेवटी सुटतात. काजूगराला किलोला 720 रुपये मिळतात. एका किलो गराला चार किलो बी लागते, 130 च्या भावाने 520 रुपयांची. मजुरी, जळण, पॅकिंग 80. उरले 120. वर्षाचा ठरलेला रोख खर्च 12 लाख. विक्रीचा अंदाज 30,000 किलो.

घसारा, म्हणजे शेड-यंत्रांची वर्षाची झीज, 8 लाख धरला तर ब्रेक-इव्हन 16,700 किलोच्या आसपास येतो. तुम्ही मला दाखवता तो हाच. पण घसाऱ्यात पैसा अडकून राहिल्याचं मोल नसतं. ते वर्षाला 12 टक्के धरलं तर 40 लाख परत यायला दर वर्षी 11.1 लाख लागतात आणि मालात अडकलेल्या 60 लाखांचे 7.2 लाख. ठरलेला खर्च मिळवला की 30.3 लाख, म्हणजे 25,250 किलो. एनपीव्ही, म्हणजे पुढे हाती येणाऱ्या पैशाचं आजचं मोल वजा घातलेले पैसे, शून्यावर येते ती इथे. मधल्या साडेआठ हजार किलोंत कागदावर नफा दिसत राहतो आणि भांडवल झिजत असतं.

हेच ते युनिट काढणाऱ्या नवरा-बायकोच्या पडवीत बसून सांगत होतो. नवऱ्याने पिशवीतून दुसरा रिपोर्ट काढला. दुसऱ्या कुणीतरी केलेला, आकडे माझेच, ब्रेक-इव्हन 16,700. "त्यांचा कमी येतो, तुमचाच जास्त कसा? आमचं बरं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?" पंधरा-वीस माणसं जमली होती, कुणी हसलं. मी चिडलो आणि विक्री 10 टक्क्यांनी घसरली तर काय, ते काढून दाखवलं. एनपीव्ही साडेवीस लाखांवरून साडेसात लाखांवर आली, तरी शून्याच्या वरच राहिली. "बघा, तुमचंच गणित!" असं तो म्हणाला आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

तोवर गप्प बसलेल्या त्याच्या बायकोने विचारलं, "बी ओली आली नि उतारा पडला तर?" उतारा म्हणजे बीतून निघणारा गर. लॅपटॉपवर तो 25 टक्के खोडून 24 घातला. एका किलोला बी 22 रुपयांनी महाग पडली आणि एनपीव्ही उणे तीन लाख झाली. विक्रीतली दहाव्या हिश्शाची घट पचते, उताऱ्यातला एक टक्का पचत नाही. नमुन्याची बी फोडून गर तोलणारा माणूस त्या धंद्यात विक्रेत्याहून महत्त्वाचा ठरतो, तो यामुळे. नवरा काही बोलला नाही. कर्ज मात्र दुसऱ्या रिपोर्टावर झालं.

आता माझ्या बाजूचं लंगडं सांगतो. एकेक आकडा हलवण्याची ही पद्धत मला पूर्वी पुरेशी वाटायची. बी 10 टक्क्यांनी महागली की हाती 68 रुपये उरतात आणि ब्रेक-इव्हन 44,600 किलोंच्या आसपास जातो. तेवढी त्या शेडची कुवतच नाही. हे मी ठणकावून सांगत असे. पण बी महागते तेव्हा बहुधा गरही महागतो. तो 8 टक्क्यांनी चढला तर उरतात साधारण 126 रुपये, पहिल्यापेक्षा जास्तच. खरा घात वेगळा आहे. बी एप्रिलात 130 ने भरून ठेवायची आणि दिवाळीपर्यंत गर 5 टक्क्यांनी उतरायचा. मग हाती 84 उरतात आणि दर वर्षी असंच घडत राहिलं तर एनपीव्ही उणे 18 लाख. म्हणून हल्ली मी आकडे सुटे हलवत नाही. असं संपूर्ण एक वर्ष मांडतो आणि त्याला नाव देतो. त्या वर्षाची शक्यता किती, ते कुठल्या आधारावर लिहायचं? मी लिहितो तो माझा अंदाज असतो, आणि तुम्ही त्यालाच भीती म्हणता.

ते युनिट चालू आहे. भाव विचित्र झाला त्या हंगामात बाईंनी फारशी बी भरलीच नाही, दुसऱ्यांची बी किलोमागे मजुरी घेऊन फोडून दिली. मी मांडलेल्या वर्षांत माणूस ठरल्या भावाने ठरलेला माल घेतच राहतो, हात आखडत नाही. ती सोय शीटमध्ये धरावी का? धरली नाही, तर मी चांगल्या प्रकल्पालाही नको म्हणेन. धरली, तर तिच्यासारखी बाई नसलेल्या प्रत्येक शेडचा आकडा उगाच वर येईल. म्हणून ती मी रिपोर्टात शब्दांत लिहितो, बेरजेत घेत नाही. आणि तुम्ही वाचता ती फक्त बेरीज.