पावणेसात

दिवाळी अंकासाठी एक लघुकादंबरी लिहायला घेतली होती, अठ्ठावीस हजार शब्दांची. एसटीतून रिटायर झालेले एक आप्पा, त्यांची बायको, दोन मुलगे, पुण्याला दिलेली एक मुलगी आणि गावातलं घर, एवढाच पसारा. आप्पा वारतात आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्याच क्षणी बंद पडतं, अशी माझी सुरुवात होती आणि खरं सांगते, मला ती फार ग्रेट वाटत होती. म्हटलं, हे बंद घड्याळ आता शेवटपर्यंत न्यायचं, दर प्रकरणात एकदा दाखवायचं, की झालं काम.

घड्याळाचं वर्णन नीट यावं म्हणून माझ्या वडिलांचं जुनं एचएमटी जनता घेऊन बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. चावीचं घड्याळ, तारखेची खिडकी नाही, काही नाही. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि मी आपली उत्साहात त्यांना गोष्ट सांगत बसले. ते मान वर न करता म्हणाले, "माणूस गेला म्हणून चावीचं घड्याळ कशाला थांबेल? ते चालतंय स्प्रिंगवर. सकाळी चावी भरली की छत्तीस तास चालणार, तब्येत चांगली असेल तर चाळीस. माणूस जाईल, घड्याळ चालूच राहील. दुसऱ्या दिवशी कोणी चावी दिली नाही की मग थांबेल."

मी तिथेच स्टुलावर बसून हिशोब केला. आप्पा मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला उठून चावी देतात. रात्री नऊला जातात. कोणीतरी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवतं. बुधवारी सकाळी घरात एवढी माणसं, पण चावी द्यायचं कोणाच्या लक्षात येणार? म्हणजे घड्याळ बुधवारी संध्याकाळी कधीतरी थांबणार. त्या वेळी घरात काय चाललं असेल? अंत्यविधी उरकलाय, पाहुणे पांगलेत, आणि थोरला पहिल्यांदा म्हणतोय, "घराचं काय करायचं ते आता बसून ठरवायला पाहिजे."

मला कादंबरी सापडली ती इथे. तोवर माझं घड्याळ म्हणजे 'काळ थांबला' याची पाटी होती. आता त्याचा अर्थ झाला की चावी द्यायला कोणी उरलं नाही, आणि कादंबरीही नेमकी त्याचीच होती, घर कोण चालवत होतं आणि ते थांबल्यावर किती उशिरा कळलं याची. हा अर्थ मी वरून चिकटवलेला नव्हता, तो त्या स्प्रिंगमध्येच होता.

मग लक्षात आलं की थांबलेल्या घड्याळात 'कोणी थांबवलं' हा प्रश्न सगळ्यात मोठा. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली मिस हॅविशॅम लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाचं नकाराचं पत्र आलं त्या वेळेला, नऊला वीस कमी असताना, घरातली घड्याळं थांबवते. ती हट्टाने थांबवलेली आहेत. फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी'मधला क्वेंटिन आजोबांकडून आलेल्या घड्याळाची काच फोडतो, काटे उपटून टाकतो, आणि तरी ते टिकटिक करतच राहतं. तिथे माणसाला वेळ नकोय पण वेळ त्याला सोडत नाही. माझं तिसऱ्याच जातीचं, कोणी काहीच केलं नाही म्हणून थांबलेलं. म्हणजे नुसतं 'बंद घड्याळ' असं काही नसतंच, ते का बंद पडलं हे लेखकाला माहीत पाहिजे, वाचकाला सांगो न सांगो.

आता वेळ. छत्तीस तास म्हणजे तबकडीचे बरोब्बर तीन फेरे, म्हणजे ज्या वेळेला चावी दिली तीच वेळ दाखवत थांबणार! असलं छान जुळून आलं की मला लगेच संशय येतो, वाचकालाही येतोच. म्हणून थोडं पुढे ढकललं आणि पावणेसातवर ठेवलं. आणि या पावणेसातने मला एक फुकटची गोष्ट दिली. काट्यांच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. मुलगी बुधवारी सकाळी पावणेसातला रात्रीच्या गाडीने पोचली होती. तिला दहाव्याला ते घड्याळ दिसतं तेव्हा वाटतं, आप्पांचं घड्याळ मी येईपर्यंत थांबलं होतं. थोरल्याला माहितीये की संध्याकाळी पावणेसातला तो काय बोलला. दोघं एकाच तबकडीकडे बघतात, कोणी कोणाला काही सांगत नाही. मीही सांगितलं नाही, फार अवघड गेलं ते, बोटं शिवशिवत होती.

कारण पहिल्या खर्ड्यात मी भयंकर बडबड केली होती. फाइंडमध्ये 'घड्याळ' टाकलं तर एक्केचाळीस वेळा! मग 'जणू' शोधलं, त्यातले अकरा घड्याळाला चिकटलेले, जणू काळच गोठला होता वगैरे. प्रत्येक वाक्य बोटाने झाकून पुढचं-मागचं वाचलं. झाकल्यावर काहीच बिघडत नसेल तर ते वाक्य उडवलं. जी राहिली त्यांत दर वेळी काहीतरी बदललेलं होतं, एक तर घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलेलं, नाहीतर बघणाऱ्याला आधी माहीत नसलेलं काही आता माहीत झालेलं. अशी सातच उरली. पहिल्यांदा तर ते नुसतं ओझरतं येतं, आप्पा चहा गाळून होईपर्यंत चावी देतात, बस्स. तिथे वाचकाचं लक्ष चहाकडेच पाहिजे. प्रकरणाच्या शेवटी तर मी ते एकदाही ठेवलं नाही, तिथे ठेवलं की घंटा वाजवल्यासारखं वाटतं.

मधले दहा हजार शब्द घड्याळ येतच नाही. मला धाकधूक होती की वाचक विसरेल. त्यावर उपाय असा निघाला की वस्तू नाही, हालचाल आणायची. चावी देताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात ना, तशी चिमूट. आई तांदूळ निवडताना खडा चिमटीत धरून उगाच फिरवत बसते, एकदाच. घड्याळाचं नावही नाही.

शेवटाला मात्र मी सपशेल फसले होते. धाकटा वीस वर्षांनी चावी देतो आणि घड्याळ चालू होतं, असं लिहिलं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "चावी बसेल, पण आतलं तेल सुकलेलं असणार. हलवलं तर पाच-दहा मिनिटं चालेल नि परत बसेल." आणि जाता जाता हेही की लोक सांगतात जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडलं, ते बहुतेक वेळा असंच, स्प्रिंग पूर्ण भरलेली, आणि तेल गेलेलं.

म्हणजे धाकट्याने चावी दिली की काटे पुढे सरकणार आणि थांबणार सात वाजायला पाच कमी असताना. पावणेसात गेलं. बहिणीचंही गेलं, थोरल्याचंही गेलं, आणि त्याला बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही आपण काय पुसलं ते! शेवट तोच ठेवला, त्यापुढे एक ओळ नाही.

काकांनी वडिलांचं घड्याळ झाकण लावून परत दिलं. "तेलपाणी करून चालू करून देऊ का?" त्यात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, राहू दे, आधी घरी विचारते चार-वीसला कोण काय करत होतं.