दोन हजार सत्तर रुपये त्र्याऐंशी पैसे

जुलै 2024 मध्ये मी पहिल्यांदा सरकारी रोखा दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून विकत घेतला, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून. रोखा होता 7.10% GS 2034. भाव 100.90, दर्शनी किंमत एक लाख. म्हणजे 1,00,900 रुपये लागतील असा सरळ हिशेब मी केला. प्रत्यक्षात आकडा आला 1,02,970.83. तिथे दलाली नसते हे माहीत होतं, मग वरचे 2,070.83 कसले?

ताईला फोन केला. तिची निम्मी नोकरी बँकेच्या ट्रेझरीत गेली आहे. ती म्हणाली, "अरे, विकणाऱ्याने एप्रिलपासून रोखा सांभाळला, त्याचं व्याज त्याला कोण देणार? ऑक्टोबरला सरकार तर सहा महिन्यांचं सगळं तुझ्याच खात्यात टाकणार."

या रोख्याचं व्याज 8 एप्रिल आणि 8 ऑक्टोबरला मिळतं. मधल्या काळात साचलेलं व्याज घेणारा विकणाऱ्याला आगाऊ चुकतं करतो. पडद्यावरच्या भावात ते धरलेलं नसतं, सेटलमेंटच्या, म्हणजे पैसे आणि रोखा प्रत्यक्ष हातात पडतानाच्या रकमेत मिळवलं जातं.

पटलं, पण आकडा जुळेना. एक लाखावर वर्षाचं व्याज 7,100. सौदा सोमवारी 22 जुलैला झाला, सेटलमेंट 23 ला. कॅलेंडरवर बोट ठेवत 8 एप्रिलपासून मोजले तर 106 दिवस. 365 ने भागून आले 2,061.92. जवळजवळ नऊ रुपये कमी! रक्कम किरकोळ, पण डोक्यातून जाईना.

ताई हसली. "सरकारी रोख्यात महिना तीसच दिवसांचा आणि वर्ष 360 चं." आठ एप्रिल ते आठ जुलै तीन महिने, म्हणजे 90 दिवस, पुढे 23 पर्यंत 15. एकूण 105. आता 7,100 गुणिले 105 भागिले 360 केलं आणि पैशापर्यंत जुळलं: 2,070.83. दिवस सेटलमेंटच्या तारखेपर्यंत मोजायचे, सौद्याच्या नव्हे. मी 22 पर्यंत मोजले असते तर पुन्हा एका दिवसाचं व्याज कमी भरलं असतं. (कंपन्यांच्या रोख्यांना हे गणित लावू नका, तिथे कॅलेंडरचे खरे दिवस धरतात.)

8 ऑक्टोबरला खात्यात 3,550 रुपये आले. बायको खूश. मी मात्र वहीत माझी कमाई 1,479.17 लिहिली, म्हणजे उरलेल्या 75 दिवसांची. बाकीचे माझेच पैसे घरी परतले होते.

पुढच्या खेपेला दोन रोख्यांतून एक निवडायचा होता. एकाची एकूण रक्कम कमी दिसत होती, म्हणून हात तिकडे वळलाही. मग पाहिलं तर त्याचं व्याज आठवड्यापूर्वीच वाटलं गेलं होतं, साचलेलं फारसं काही नव्हतंच. रकमा बाजूला ठेवल्या आणि दोघांचं यील्ड, म्हणजे मोजलेल्या किमतीवर मुदतीपर्यंत पडणारा वार्षिक परतावा, पाहिलं. दुसरा घेतला.