तुम्ही विचारलंत म्हणून: मिनिट्स मंजूर का करतो

"अहो, सात जणांची टीम तुमची, सगळे घरून काम करता, मग मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, मंजूर करायची भानगड कशाला?"

द्राक्षांमुळे. आम्ही द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउससाठी लेबलांचं सॉफ्टवेअर करतो, मी नाशिकमधून, बाकीचे पुणे-सातारा असे विखुरलेले. ऐन हंगामात कॉलवर ठरलं की लेबलचा नवा फॉरमॅट सोमवारपासून, पण आधी फक्त दिंडोरीच्या एका पॅकहाउसला. हे 'फक्त दिंडोरी' बोललं गेलं तेव्हा साताऱ्याच्या मुलाकडची लाइट गेली होती. मिनिट्समध्ये आलं, "सोमवारपासून नवा फॉरमॅट". बस. त्याने तेच वाचलं आणि सगळीकडे चालू केलं. काही पॅकहाउसच्या जुन्या प्रिंटरवर बारकोड कडेला कापला जायला लागला, स्कॅनच होईना, भरलेल्या पेट्यांवरची लेबलं सोलून परत लावायला लागली, कंटेनर खोळंबला आणि ज्याला विचारावं तो म्हणे, मी तर बोललो होतो. त्या रात्री कुणीतरी मिनिट्सच्या फाइलमध्ये गुपचूप 'फक्त दिंडोरी' घातलं आणि सकाळी त्या मुलालाच विचारलं, वाचलं नव्हतंस का? मी व्हर्जन हिस्टरी उघडून वेळ दाखवेपर्यंत तो सगळ्यांसमोर सॉरी म्हणून मोकळा झाला होता. ते सॉरी मला अजून सहन होत नाही.

म्हणून टीमचं चार्टर, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे लेखी नियम. निर्णय कॉल संपायच्या आत स्क्रीनवर लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा: काय, कुठे, कधीपासून, कोण करणार. ड्राफ्ट त्याच दिवशी सगळ्यांना, नसलेल्यांनाही. हरकतीला दोन कामाचे दिवस, पण हरकत एकच चालते, "असं ठरलं नव्हतं". "मला पटत नाही" असेल तर तो पुढच्या मीटिंगचा विषय. मंजूर होईपर्यंत ग्राहकाकडे काही बदलायचं नाही. नंतर फाइल लॉक, चूक सापडली तर खाली तारीख टाकून नवी ओळ, जुनी तशीच राहणार.

रेकॉर्डिंग असतं की, असं आधी मीही म्हणायचे. रेकॉर्डिंगमध्ये कोण काय बोललं ते असतं, शेवटी काय ठरलं ते तासभर ऐकून ज्याचं त्याने काढायचं, आणि ऐकतं कोण?

आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही हो. कंपन्यांच्या बोर्ड मीटिंगसाठी सेक्रेटरियल स्टँडर्ड आहे, 2015 पासून लागू, त्यात ड्राफ्ट मिनिट्स 15 दिवसांत पाठवायचे आणि डायरेक्टरांनी 7 दिवसांत म्हणणं कळवायचं, नाही कळवलं तर मंजूर धरतात. आम्ही फक्त दिवस कमी केले.

अडतं ते त्या 'मंजूर धरतात'पाशीच. नवीन आलेली मुलगी सिनियरने लिहिलेल्या मिनिट्सवर हरकत घेईल का? गप्प बसली तर तिला मान्य होतं म्हणायचं का? सध्या जो कॉलवर नव्हता त्याने चॅटवर "वाचलं" लिहिल्याशिवाय आम्ही मंजूर धरत नाही. पण जो होता आणि तरी बोलला नाही, त्याचं काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही.