दोन वजनं, एकच आकडा

आमची नागरी सहकारी बँक मध्यम आकाराची, 14 शाखांची. अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख म्हणून वर्षातून एकदा संचालक मंडळापुढे उभं राहून मला एका वाक्यात सांगावं लागतं, की बँकेची नियंत्रणं पुरेशी आहेत का आणि ती चालतात का. बाकीच्या स्लाइड त्या वाक्याच्या आधारासाठी.

त्या वर्षी वाक्य होतं, 'नियंत्रणं एकूण समाधानकारक, मात्र सोनेतारण कर्जं वगळून.' ते वाचून झालं आणि अध्यक्षांनी चष्मा काढला.

"नुकसान किती झालं?"

"एका शाखेत तारण सोन्याच्या तीन पाकिटांत कस कमी निघाला, साहेब. चार लाखांचं कर्ज होतं, वसूलही झालं."

"मग एवढ्यासाठी अख्ख्या सोनेतारणावर शेरा?"

मी पाकिटं बाजूला ठेवून रजिस्टरबद्दल बोलायला लागलो. आमचा नियम असा, की दर सहामाहीला मूळ मूल्यांकन करणारा सोडून दुसऱ्या सराफानं पाकिटं उघडायची, पुन्हा वजन करायचं, कस लावायचा. त्या शाखेत अशा 180 नोंदी होत्या, सह्यांसकट. प्रत्येक नोंदीत दुसरं वजन पहिल्याशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळत होतं. दागिना दुसऱ्यांदा काट्यावर चढला, की कधी दोऱ्यामुळे, कधी काट्यामुळे आकडा दहा-वीस मिलिग्रॅम इकडेतिकडे होतोच. 180 मध्ये एकही हलला नाही, याचा अर्थ पाकिटं उघडलीच नव्हती. जुने आकडे उतरवून काढले होते. मग सगळ्या शाखांची रजिस्टरं मागवली. 14 पैकी 9 ठिकाणी हाच प्रकार.

"म्हणजे बाकीचं सोनंही खोटं, असं म्हणताय?" एका संचालकांनी विचारलं. ते स्वतः सीए.

"नाही, सर. ते खरं असेलही. पण खोटं असतं तर आपल्याला कळलं असतं का, एवढंच माझं मत सांगतं. कळलं नसतं."

यापुढचा भाग भाषणात घालावा की नाही, यावर आदली रात्र गेली होती. मागच्या वर्षी याच नियंत्रणाला मीच 'समाधानकारक' म्हटलं होतं. रजिस्टर भरलेलं आहे आणि सह्या आहेत, इतकंच माझ्या माणसांनी तपासलं होतं. आकडे शेजारीशेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते, मीही नाही. ते वाचताना घसा कोरडा पडला. चुकीचं मत दिल्याचं मंडळाला सांगायची माझी ती पहिलीच वेळ.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्ष सचिवांना म्हणाले, "वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं घ्या." आणि माझ्याकडे वळून, "फेरतपासणीला सराफ कुठल्या गावचा आणणार? आपल्या शहरात सगळे एकमेकांचे व्याही आहेत."