दुरुस्तीची नोटीस आली, पण दिवस नाही, वेळ नाही, काम कोणतं तेही नाही

तक्रार माझीच होती, हे आधी सांगून टाकते. 20 मार्चला मी घरमालकांना स्वयंपाकघराच्या छताचा फोटो पाठवला होता. गॅसच्या ओट्यावर परातीएवढा ओला डाग पडला होता आणि मधून गिलाव्याचे पापुद्रे सुटत होते. एकदा एक तुकडा थेट कणकेच्या परातीत पडला. मालक पुण्याला असतात. फोटो बघून ‘बघतो’ म्हणाले आणि दीड महिना गेला.

4 मे, सोमवारी मोबाईलवर कागदाचा फोटो आला. टाईप केलेला, खाली सही: ‘घराच्या दुरुस्तीचे काम लवकरच सुरू करण्यात येणार आहे. तरी भाडेकरूंनी घर मोकळे करून द्यावे व सहकार्य करावे.’ एवढंच.

आमचं घर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. मी घरी शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवते. सोलापुरात हे काम घराघरांत चालतं, आणि मे महिना म्हणजे ऐन हंगाम. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे. पुढच्या खोलीत पांढऱ्या कापडाचे गठ्ठे छातीएवढे उभे असतात. शेजारी गिलावा फोडला की त्याची धूळ कुठे बसणार, ते सांगायला नको. नवरा लूमवर रात्रपाळीला. सकाळी आठला येतो आणि त्याच खोलीत कूलर लावून झोपतो. शिवाय आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अडलं तर पुढचे दिवस कोरडे.

म्हणजे तारीख कळली असती तर सगळी सोय झाली असती. गठ्ठे दिरांकडे हलवले असते, नवराही तिकडेच झोपला असता. ‘लवकरच’ या शब्दावर मात्र काहीच हलवता येत नाही. तरी मंगळवार-बुधवार मी ओटा रिकामा ठेवला आणि स्टोव्ह मोरीजवळ मांडून भाकऱ्या थापल्या. कुणी आलं नाही.

गुरुवारी सकाळी मी तयार शर्ट पोचवायला गेले होते. नऊच्या सुमारास गवंडी आला. नवरा नुकताच झोपलेला, आतून कडी, कूलरचा घरघराट. तो दहा मिनिटं दार वाजवून गेला. नंतर गल्लीत भेटल्यावर म्हणाला, “आलतो की वैनी, दार कुनी उघडलंच नाही.” तेच त्याने पुण्याला कळवलं होतं. रात्री मालकांचा फोन. “दुरुस्ती करा म्हणून तुम्हीच मागे लागता, आणि माणूस पाठवला तर घरात घेत नाही.”

मी त्याच रात्री रागात दीड पान लिहिलं. मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की घरमालकाने 24 तास आधी लेखी कळवलंच पाहिजे, कारण आणि वेळ लिहिलीच पाहिजे. तेही ठोकून दिलं. दुरुस्ती केली नाही तर खर्च भाड्यातून कापून घेईन, असंही लिहिलं.

बरं झालं पाठवलं नाही. नवऱ्याचा एक मित्र वकिलांकडे कारकून आहे. त्याने वाचलं आणि हिरव्या पेनाने निम्मं खोडलं. 24 तासांची गोष्ट केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे; राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याचं कलम 28 सांगतं की मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. जागा भाड्याने असो की लायसन्सवर म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर, दोन्हींना ते लागू आहे. त्यात तासांचा आकडा नाही. “नसलेला आकडा लिहिला की त्यांच्या वकिलाला तेवढंच पुरतं,” तो म्हणाला. भाडं कापायचं वाक्यही गेलं. ती तरतूद कलम 14 मध्ये भाडेकरूसाठी आहे, तिलाही आधी 15 दिवसांची नोटीस आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची मर्यादा आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा, लायसन्सचा. तिथेच वाद निघाला असता आणि छत राहिलं असतं बाजूला.

मी ज्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं त्या शब्दावर मात्र त्याने बोट ठेवलं: ‘घर मोकळे करून द्यावे’. मोकळे म्हणजे सामान बाजूला करणं, की घर सोडणं? मालकांच्या मनात दुसरा अर्थ नसेलही. पण उत्तर न देता गप्प बसलो आणि उद्या ‘तेव्हाच सांगितलं होतं’ असं निघालं तर? विचारून ठेवायचं, तेही सरळ.

शुक्रवारी 8 मे रोजी पाठवलेलं पत्र असं होतं:

‘काका, नमस्कार. आपली 4 मेची दुरुस्तीची सूचना मिळाली. 20 मार्चला फोटो पाठवून स्वयंपाकघराच्या छताची तक्रार मीच केली होती, त्यामुळे काम व्हावं ही आमचीच इच्छा आहे. सूचनेत दिवस, वेळ आणि काम लिहिलेलं नव्हतं. गुरुवारी सकाळी गवंडी आले तेव्हा मी बाहेर होते आणि हे रात्रपाळी करून झोपले होते. दार उघडायला नकार दिलेला नाही.

मंगळवार 12 मे किंवा गुरुवार 14 मे, सकाळी 11 ते संध्याकाळी 5, आम्ही घरी असू. बुधवारी 13 तारखेला नळाचं पाणी आहे, तो दिवस कृपया सोडावा. दोन्ही दिवस जमत नसतील तर आपण दिवस कळवावा, फक्त एक दिवस आधी कळावं म्हणजे शिवणाचं कापड हलवता येईल.

एवढं कळवावं: काम नेमकं कोणतं, छताचा गिलावा की वरून गळती बंद करण्याचं? किती दिवस चालेल? कोणत्या खोल्या रिकाम्या लागतील? पाणी किंवा लाईट बंद ठेवावी लागेल का? कोण येणार? ‘घर मोकळे’ याचा अर्थ स्वयंपाकघरातलं सामान हलवणं असा आम्ही घेतला आहे. वेगळं काही असेल तर लेखी सांगावं.’

कलम 28 चा उल्लेख शेवटी ठेवलाच नाही. गरज पडली तर दुसऱ्या पत्रात, असं ठरलं. पत्राचा कागद स्पीड पोस्टने पाठवला आणि फोटो मोबाईलवर. पोस्टाची पावती करारासोबतच्या फाईलमध्ये लावली. फोनवर मात्र मुद्दाम काही बोलले नाही, कारण गुरुवारचं भांडण फोनवरच झालं होतं आणि त्याचा कागद कुणाकडेच नव्हता.

शनिवारी संध्याकाळी उत्तर आलं. आवाजातला ताठा लिहिण्यात नव्हता: ‘मंगळवारी 11 ला गवंडी येईल. स्वयंपाकघराचा गिलावा काढून नवा करायचा. एक दिवसाचं काम. सामान फक्त तिथलं काढा.’

‘मोकळे’चा प्रश्न मिटला. पण काम कोणतं ते कळलं तेव्हाच लक्षात आलं की तेच चुकतंय. नुसता गिलावा करून काय होणार? मे महिन्यात पाऊस नाही, तरी डाग ओला आहे. रोज सकाळी नऊच्या आसपास तो गडद होतो, दुपारी फिकट पडतो. आमच्या ओट्याच्या बरोबर वर वरच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर आहे आणि त्यांच्या आंघोळी आठपर्यंत आटोपतात. पाणी वरून येतंय. नव्या गिलाव्याचेही चार महिन्यांत पापुद्रे सुटले असते आणि मालकांचे पैसे वाया गेले असते. हेच मी सकाळी नऊ आणि दुपारी तीनचे असे दोन फोटो जोडून कळवलं. काम न विचारता फक्त तारीख विचारली असती, तर मंगळवारी मी आनंदाने चुकीच्या दुरुस्तीला दार उघडलं असतं.

मंगळवारी गवंडी आला तो फोटो बघूनच. आधी वर गेला. न्हाणीतलं पाणी वाहून जातं त्या ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा घट्ट बसवला, दारात सिमेंटची बारीक कड घातली आणि फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं. खाली आमच्या छतावर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढली. वरच्या अक्कांनी त्या दिवशी आंघोळी आमच्याकडे केल्या. बुधवारी सकाळी डाग रेघेच्या वीतभर बाहेर गेला होता आणि ट्रॅपच्या खालून थेंब धरला होता. वर फरशीवरचं पाणीही उतरलेलं. फरशी आणि ट्रॅपचा सांधा गेलेला, याबद्दल मग कुणालाच बोलायला जागा राहिली नाही. बोळा काढला तेव्हा नळाला पाणी आलेलंच होतं, सगळ्यांनी भरून घेतलं.

वरचं काम शुक्रवार-शनिवारी झालं. ट्रॅपभोवतीच्या फरश्या उचलल्या, सांधा नवा केला, वॉटरप्रूफिंगचा माल घालून फरश्या परत बसवल्या. माल धरल्यावर पुन्हा पाणी साठवून पाहिलं, या वेळी रेघ हलली नाही. वरच्यांचं न्हाणीघर चार दिवस बंद राहणार होतं, म्हणून त्यांनाही तारीख-वेळ लिहून द्या, असं मी मालकांना सुचवलं. त्यांनी दिली.

छत मात्र लगेच हाताळायचं नव्हतं. ओल आत असताना गिलावा धरत नाही, म्हणून सुटलेला भाग ठोकून पाडला आणि पंधरा दिवस उघडं ठेवलं. आत एक सळई गंजलेली दिसत होती. ती तारेच्या ब्रशने घासून वर गंजरोधक लेप दिला. तोपर्यंत ओट्यावर जुनी चादर बांधून मी खाली स्वयंपाक केला, दिसायला अगदी लग्नाचा मांडव.

गिलाव्याची सूचना 30 मेला आली: ‘मंगळवार 2 जून, सकाळी 11 ते 4, स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा, दोन माणसं, पाणी बंद नाही.’ आदल्या दिवशी दिरांनी रिक्षातून गठ्ठे नेले, नवरा सकाळी लूमवरून परस्पर तिकडेच गेला. गवंड्याने पावणेअकराला दार वाजवलं. मी दारातच उभी होते.

रंग अजून व्हायचाय. त्याची तारीख विचारलेली आहे.